डब्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं

(आमच्या सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं हे बोलणं. बोलणारे दादा तालुक्याच्या गावी जिम चालवतात. जिममध्ये प्रोटीन पावडरचे डबे विकणं त्यांनी बंद केलं, तेव्हा सभासदांना त्यामागचं कारण सांगणारा निरोप लिहिला होता. तो निरोप आणि त्यामागची हकीकत त्यांच्याच शब्दांत.)



मी जिम चालवतो म्हटल्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, याचं आमच्याशी काय काम? काम आहे. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करणारी आहेत. त्यात आता मुलीही आहेत. सोळाशे मीटर, आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक यासाठी ती घाम गाळतात. त्यांची फी आणि त्यांच्या डब्याचे पैसे घरातून येतात, आणि पुष्कळदा ते तुमच्या हातून येतात. म्हणून ही गोष्ट मला तुम्हालाच सांगायची आहे.

डबा म्हणजे प्रोटीन पावडरचा डबा. एक किलोचा. आत वे प्रोटीन असतं, म्हणजे चीज किंवा पनीर करताना दूध फाटल्यावर जे पाणी उरतं, त्यातलं प्रोटीन वाळवून केलेली पावडर. चमचाभर पावडर पाण्यात किंवा दुधात हलवायची आणि प्यायची. एवढीच ती वस्तू आहे. ती मुळात वाईट नाही, हे आधीच सांगतो.

मी हे डबे चार वर्षं विकले. मला डबा अडीच हजाराला पडायचा, मी चौतीसशेला द्यायचो. डब्यामागे नऊशे रुपये सुटायचे. महिन्याला वीसेक डबे जायचे, म्हणजे अठरा हजार रुपये. जिमच्या जागेचं भाडं आणि मशिनचा हप्ता त्यातून निघायचा. मी हे लपवत नाही, कारण हे पैसे मिळत होते म्हणूनच मी चार वर्षं कुणाला काही विचारलं नाही.

एका मावशीचा प्रश्न

एके दिवशी संध्याकाळी एक मावशी जिमच्या दारात आल्या. पोरगा आत व्यायाम करत होता. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "सर, हा तुमच्याकडनंच घेतलाय. आधीचा डबा पाण्यात पटकन विरघळायचा. याच्या गुठळ्या होतात, आणि चवही वेगळी लागते. पोराचं पोट दोन दिवस फुगलंय. यात काय आहे?"

मी म्हणालो, "मावशी, यात प्रोटीन आहे. लिहिलंय बघा, एका चमच्यात 24 ग्रॅम."

त्या म्हणाल्या, "लिहिलंय ते पोरानं वाचून दाखवलं. तुम्ही बघितलंय का?"

मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी सांगितलं की डब्यासाठी त्यांनी बचत गटातून साडेतीन हजाराचं अंतर्गत कर्ज घेतलंय, दरमहा दोन टक्क्यांनी. मी त्यांना पैसे परत दिले आणि डबा ठेवून घेतला.

पोराचं पोट डब्यामुळेच फुगलं असं मी म्हणत नाही. चांगल्या वे पावडरमध्येही दुधातली साखर थोडी राहते. ती काहींना पचत नाही, आणि पोट फुगतं. पण मला कारण सांगता येत नव्हतं, कारण आत काय आहे हेच मला माहीत नव्हतं. त्या रात्री ठरवलं की हा एक डबा पूर्ण तपासायचा. तो तपासताना मी काय काय केलं ते क्रमाने सांगतो.

परवाना नंबर आणि स्क्रॅच कोड

खाण्याच्या प्रत्येक बंद पाकिटावर केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी परवाना नंबर असतो. तुमच्या गटाच्या पापडाच्या पाकिटावरही तो असतो. हा नंबर foscos.fssai.gov.in या ठिकाणी मोबाइलवर टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि तो चालू आहे का, हे दिसतं. मी टाकला. नाव बरोबर, पत्ता बरोबर, परवाना चालू.

मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की यातून फक्त एवढंच कळलं की या नावाची कंपनी आहे आणि तिच्याकडे परवाना आहे. माझ्या टेबलावरचा डबा तिनंच भरला, हे त्यातून कळत नाही. छापलेला नंबर बघून कुणीही तसाच नंबर छापू शकतो. तुमच्या दाराचा नंबर मी माझ्या दारावर रंगवला तर माझं घर तुमचं होत नाही, तसंच हे.

पुढे झाकणावरचा स्क्रॅच कोड. नाण्यानं खरवडायचा, आलेला आकडा मोबाइलवरून पाठवायचा. उत्तर आलं, माल अस्सल आहे. आता बघा, हा कोड स्टिकरची खात्री देतो, पावडरची नाही. आणि चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड तर त्याहून सोपा. तो कुठल्या पानावर न्यायचा हे तो छापणाराच ठरवतो. बनावट डबा करणारा त्याच्यासाठी बनावट पानही करून ठेवतो.

इथं मला एक जुनी गोष्ट आठवली. एक पोरगा जिमच्या मागे टाकलेले रिकामे डबे नेहमी विकत घ्यायचा. झाकणासकट, लेबल न फाटलेला असेल तर एका डब्याचे तीस-चाळीस रुपये द्यायचा. नुसत्या प्लास्टिकचे भंगारात दोन-चार रुपये येतात. मग हा इतके का देतो, हा प्रश्न मला चार वर्षांत एकदाही पडला नव्हता. रिकाम्या डब्यात दुसरी पावडर भरायची, वरून चकाकणारा कागद गरम करून चिकटवायचा, की नवा डबा तयार. ते मशीन काही मोठं नसतं. तो पोरगा हेच करत होता असं माझ्याकडे पुराव्यानं नाही. पण तेव्हापासून मी रिकामा डबा सुरीनं उभा कापून आणि लेबल फाडूनच टाकतो. तुमच्या घरात रिकामा डबा असेल तर तुम्हीही तसंच करा.

पावतीवर काय नव्हतं

तिसऱ्या दिवशी मी मला माल देणाऱ्याकडे गेलो. तो जिल्ह्याच्या गावचा. त्याला म्हणालो, या डब्याच्या बॅच नंबरची पावती दे, आणि तू हा माल कुणाकडून घेतलास ते सांग.

बॅच म्हणजे घाणा. आपण एका वेळी जेवढं पीठ भिजवतो त्याचे सगळे पापड एका चवीचे होतात. दुसऱ्या घाण्यात मीठ जास्त पडलं तर तो सगळा घाणा खारट. कारखान्यातही तसंच असतं. म्हणून प्रत्येक डब्यावर बॅच नंबर छापतात. पावतीवर तोच नंबर असेल तर डबा कंपनीतून निघून कुणाकुणाच्या हातून आला हे मागे मागे शोधता येतं.

माझ्याकडे चार वर्षांच्या पावत्या होत्या. त्यातल्या निम्म्या कच्च्या, वहीच्या कागदावरच्या. उरलेल्या पक्क्या होत्या, पण त्यावर फक्त "सप्लिमेंट, 10 नग" असं लिहिलेलं. बॅच नंबर एकाही पावतीवर नाही. माल देणारा म्हणाला, "दादा, मी मुंबईहून घेतो, तो कुठून घेतो मला काय माहीत? चार वर्षं कधी विचारलं नाहीस, आताच काय झालं?"

त्याचं बरोबर होतं. मीही कधी विचारलं नव्हतं, कारण कंपनीच्या दुकानापेक्षा त्याचा माल स्वस्त होता. तो स्वस्त का, हे विचारण्यात माझाच तोटा होता.

प्रयोगशाळेचा कागद

शेवटचा उपाय प्रयोगशाळेचा. सरकारमान्य खासगी प्रयोगशाळेत मी पावडर दिली, दीड हजार रुपये भरले. डब्यावर लिहिलं होतं की 33 ग्रॅमच्या चमच्यात 24 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे 100 ग्रॅममध्ये साधारण 73 ग्रॅम. प्रयोगशाळेचा आकडा आला 71.8. जवळजवळ तेवढाच.

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं मावशींना फोन लावायला निघालो. कागद देणाऱ्या ताईंनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या, "हा आकडा प्रोटीनचा नाही. नायट्रोजन मोजून काढलेला आहे."

हे मला कळायला वेळ लागला. पण तुम्हाला लवकर कळेल, कारण तुमच्यातल्या पुष्कळ जणी डेअरीला दूध घालतात आणि शेतात खत टाकतात.

डेअरीवर दुधाची फॅट आणि डिग्री बघतात. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते. मग लबाड माणूस काय करतो? पाण्याबरोबर साखर किंवा युरिया घालतो, डिग्री परत वर येते. यंत्र खोटं बोलत नाही. ते दाटपणा मोजतं, आणि दाटपणा खरंच वाढलेला असतो. फक्त तो दुधाचा नसतो.

प्रोटीनचंही तसंच आहे. प्रोटीन मोजण्याची जगभर चालणारी जुनी रीत डेन्मार्कच्या योहान केल्डाल या शास्त्रज्ञानं 1883 साली शोधली. प्रोटीनमध्ये नायट्रोजन असतो, साधारण 100 ग्रॅमला 16 ग्रॅम. तेल, साखर, पिठूळ भाग यात तो नसतो. म्हणून पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला 6.25 नं गुणायचं, की प्रोटीन आलं. धान्य, डाळी, दूध यांच्यासाठी ही रीत चांगली चालते, कारण त्यातला बहुतेक नायट्रोजन प्रोटीनचाच असतो. दुधाला तेवढं 6.38 नं गुणतात.

पण कुणी दुसरीकडून नायट्रोजन आणून टाकला तर? युरियाच्या पोत्यावर काय लिहिलेलं असतं? 46 टक्के नायट्रोजन. त्याला 6.25 नं गुणा. 287 येतात. म्हणजे या हिशोबानं 100 ग्रॅम युरियात 287 ग्रॅम प्रोटीन! युरियात प्रोटीनचा कणही नाही, तरी कागदावर असा आकडा येईल.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. 2008 साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन नावाचं रसायन मिसळलं गेलं. ते प्लास्टिकची ताटं वगैरे करायला वापरतात आणि त्यात नायट्रोजन युरियाहून जास्त असतो. तपासणीत प्रोटीन पुरेसं दिसलं. त्या दुधाची पावडर तान्ह्या बाळांना गेली, त्यांच्या मूत्रपिंडात खडे झाले. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली आणि सहा दगावली.

प्रोटीनच्या डब्यात युरिया असतो असं मी म्हणत नाही. तिथं साधी आणि कायद्याच्या कडेकडेनं जाणारी रीत आहे. ग्लायसिन नावाची एक स्वस्त, गोडसर पावडर मिळते. प्रोटीन ज्या वीस तुकड्यांनी बनतं, त्यातला तो सगळ्यात छोटा तुकडा. तो विषारी नाही, पण नुसत्या ग्लायसिननं स्नायू बनत नाहीत. भिंतीला विटा, वाळू, सिमेंट सगळं लागतं, आणि इथं फक्त वाळूचे ट्रक आले, असं समजा. नायट्रोजनच्या हिशोबात मात्र 100 ग्रॅम ग्लायसिन 117 ग्रॅम प्रोटीन म्हणून मोजलं जातं, म्हणजे खऱ्या प्रोटीनपेक्षाही जास्त.

त्या ताईंनी डबा फिरवून बारीक अक्षरं माझ्यापुढे धरली. घटक पदार्थांच्या यादीत वे प्रोटीननंतर लिहिलं होतं, अमिनो मिश्रण: ग्लायसिन, टॉरिन. चार वर्षं ते माझ्या कपाटात होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. आता त्या 24 ग्रॅममध्ये खरं वे प्रोटीन किती आणि ग्लायसिन किती, हे कसं कळणार? त्यासाठी प्रत्येक तुकडा वेगळा मोजणारी चाचणी असते. तिचा खर्च माझ्या डब्याच्या तिप्पट. बुरशीचं विष बघायचं तर वेगळी चाचणी, शिसं-पारा बघायचा तर वेगळी, औषध मिसळलंय का बघायचं तर आणखी वेगळी. आणि हे सगळं केलं तरी ते त्या एका डब्यापुरतं. पुढचा डबा दुसऱ्या घाण्याचा.

त्या दिवशी मला कळलं की मी जे विकतोय त्याची खात्री करणं माझ्या आवाक्यातलं नाही.

ही फक्त माझीच अडचण नाही. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या 36 प्रोटीन पावडरींची तपासणी झाली, ती 2024 साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे 70 टक्के पावडरींवर लिहिलेला प्रोटीनचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. काहींत तर तो निम्म्यावर होता. सुमारे 14 टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं. हे बुरशीचं विष. ओल्या, काळ्या पडलेल्या शेंगदाण्यावर धरते त्याच जातीच्या बुरशीचं, आणि ते यकृताला घातक असतं. मी वाईट माल विकला असं मला ठामपणे सांगता येत नाही. पण चांगला विकला असंही सांगता येत नाही.

सभासदांना दिलेला निरोप

मग मी जिमच्या फळ्यावर एक कागद लावला आणि तोच मोबाइलवरच्या गटात पाठवला. तो असा होता:

"सर्व सभासदांना नमस्कार. आजपासून जिममध्ये प्रोटीन, मास गेनर, फॅट बर्नर यांपैकी काहीही विकलं जाणार नाही. हे सगळं खराब असतं असं माझं म्हणणं नाही. मी विकत होतो तो माल कुठून येतो हे मी शोधलं, आणि मला ते सापडलं नाही. आत काय आहे हे तपासणं मला परवडत नाही. जे मला माहीत नाही ते मी 'चांगलं आहे' म्हणून तुम्हाला देत होतो, ही माझी चूक आहे.

ज्यांच्याकडे माझ्याकडून घेतलेला न फोडलेला डबा आहे त्यांनी तो परत आणावा, पूर्ण पैसे मिळतील. फोडलेल्या डब्याचे उरलेल्या वजनाप्रमाणे पैसे देईन. एकदम जमणार नाही, तीन महिन्यांत देईन.

कुणाला बाहेरून घ्यायचं असेल तर तो तुमचा निर्णय. मी अडवणार नाही आणि अमुक घ्या असंही सांगणार नाही. कंपनीकडून थेट घ्या, बॅच नंबर असलेली पक्की पावती घ्या, घटकांची यादी वाचा. ज्यांना साखर, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार आहे, किंवा ज्या ताई गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जिमची फी पुढच्या महिन्यापासून पाचशेऐवजी सहाशे असेल. डब्यातून मिळणारे पैसे बंद झाल्यामुळे हे करावं लागतंय, दुसरं कारण नाही."

एकूण अकरा डबे परत आले. सात सभासद सोडून गेले. त्यातले काही फी वाढली म्हणून, काही म्हणाले की सरांना आता डबेवाला मिळत नसेल. एक जण मला म्हणाला, "तुम्ही विकत नाही तर दुसरा विकेल, फरक काय पडला?" फरक एवढाच की आता व्यायामाचा सल्ला देताना माझ्या डोक्यात नऊशे रुपये नसतात. आधी पोराचं वजन वाढलं नाही की मी म्हणायचो, डबा लाव. आता मला विचारावं लागतं, जेवतोस काय?

चार भाकरीचा हिशोब

त्या मावशींच्या पोरालाही मी हेच विचारलं. त्याचं वजन 60 किलो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की साध्या माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे 60 किलोला 50 ग्रॅम. जोराचा व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं, पण किलोमागे 1.6 ग्रॅमच्या वर गेलं तरी स्नायू आणखी वाढत नाहीत, असंही संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शनात सांगितलंय. म्हणजे याची वरची हद्द 96 ग्रॅम. आम्ही 75 ते 80 ग्रॅम धरायचं ठरवलं.

तो खात होता दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी, रात्री पातळ आमटी, थोडी भाजी, दोन कप चहा. भाकरीत प्रोटीन नसतं असं पोरांना वाटतं. पण 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 10 ग्रॅम असतं. सत्तर ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर चार भाकरींचं 28 ग्रॅम झालं. आमटीतली डाळ मूठभर, तिचं 5. भाजी आणि चहातलं दूध मिळून 5. एकूण 38. म्हणजे व्यायामाचं सोडा, साध्या माणसाला लागतं तेवढंही पुरं होत नव्हतं.

मग मावशींनी आणि मी बसून चार गोष्टी वाढवल्या. सकाळी दोन उकडलेली अंडी, त्यांचं 12 ग्रॅम. दुपारी मोड आलेल्या मटकीची उसळ, कोरडी मटकी 50 ग्रॅम धरून 10 ग्रॅम. संध्याकाळी व्यायामानंतर मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे, त्यांचं 11. रात्री पाव लिटर दूध, त्याचं 8. हे झालं 41. आधीचं 38 मिळवलं तर 79. अंडी न खाणाऱ्यांनी 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भाजीत टाकाव्यात, 13 ग्रॅम मिळतं.

भाकरी आणि उसळ एकत्र खाण्यात आणखी एक फायदा आहे. मघाशी वीस तुकडे म्हणालो, त्यातला एक ज्वारीत कमी असतो आणि तो कडधान्यात भरपूर असतो. दोन्ही मिळून भिंतीचं सगळं सामान येतं. शेंगदाणे मात्र निवडून घ्या. काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे टाकून द्या, नाहीतर तेच बुरशीचं विष घरात येईल.

आता पैशाचा हिशोब. या चार गोष्टींना आमच्या बाजारात रोज पंचेचाळीस रुपयांच्या आसपास लागतात, 41 ग्रॅमसाठी. म्हणजे ग्रॅममागे एक रुपया दहा पैसे. डब्यात तीस चमचे निघतात, एक चमचा 113 रुपयांना पडतो. लेबल खरं धरलं तरी ग्रॅममागे पावणेपाच रुपये झाले, आणि ते खरं नसेल तर किती, हे कुणालाच माहीत नाही. मटकीला मोड आले की नाही हे मात्र मावशी स्वतः बघू शकतात.

हिशोब झाल्यावर मी मावशींना विचारलं, तुम्ही काय जेवता? त्या हसल्या. म्हणाल्या, सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. त्यांचं वजन पन्नास किलोच्या आत-बाहेर, म्हणजे त्यांनाही रोज 40 ग्रॅमच्या वर लागतं. मी उसळीची कोरडी मटकी 50 ऐवजी 100 ग्रॅम लिहिली आणि म्हणालो, निम्मी तुमची.

तरी घ्यायचाच असेल तर

काही घरांत पोरं ऐकणार नाहीत, आणि काहींना डॉक्टरांनीच पावडर सांगितलेली असेल. तेव्हा एक हक्क माहीत असू द्या. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे कुठलाही गिऱ्हाईक विकत घेतलेला खाण्याचा पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच आहे. विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की हा मी तपासायला देणार आहे. फी भरावी लागते. अहवाल चौदा दिवसांत मिळायचा असतो, आणि मालात दोष निघाला तर फी परत मिळते. यासाठी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारायचं. तिथं जाताना पावती आणि बॅच नंबर हातात पाहिजे. म्हणून म्हणतो, कच्ची पावती घेऊन डबा घेऊ नका.

दुकानात जाल तेव्हा डबा हातात घ्या आणि घटकांची यादी वाचायला सांगा. वे प्रोटीनच्या डब्यात ग्लायसिन, टॉरिन किंवा अमिनो मिश्रण अशी नावं वेगळी दिली असतील तर समजा की प्रोटीनच्या आकड्यात ती मोजलेली असू शकतात. आणि दुकानदाराला आधी हे म्हणून बघा, "दादा, हा मी तपासायला देणार आहे, बॅच नंबर घालून पक्की पावती द्या." जो लगेच पावती फाडतो आणि जो डबा मागे घेतो, त्या दोघांतला फरक तुम्हाला तिथंच दिसेल.

त्या मावशींनी मला जो प्रश्न विचारला, तो मला चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी गटाचं कर्ज त्याच महिन्यात फेडलं. पोरगा अजून माझ्याकडे येतो, भरतीची तारीख लागायची आहे. परवा आला तेव्हा खिशात फुटाण्याची पुडी होती. मलाही दिले त्यानं चार.